परिशिष्टातला एक्केचाळीस

ते घडलं त्याच्या आदल्या दिवशी दुपारी बापलेकीचं कडाक्याचं भांडण झालं, तेही तिच्या प्रोजेक्ट रिपोर्टवरून.

बाबा एसी मेकॅनिक. तीस वर्षं दुसऱ्यांच्या खोल्या गार करून स्वतः घामाघूम झालेला माणूस. लेक इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला. विषय होता छोट्या दवाखान्याच्या वातानुकूलनाची रचना. त्यांनी चष्मा पुसून रिपोर्ट चाळला आणि चौथ्या प्रकरणावर बोट ठेवलं.

"इंजिनियरीणबाई, हे यंत्र आधी निवडलंत आणि उष्णतेचा हिशोब मागून जुळवलात, होय ना?"

"कशावरून?"

"खरा भार कधी असा बरोब्बर चार टन भरत नाही. आधी जागेची पाहणी, मग भिंती, काचा, माणसं, बाहेरून घेतलेली हवा. त्यावरून भार. यंत्र त्यानंतर. नवरदेव ठरायच्या आधी वरात काढलीस तू."

"सगळे असंच करतात, बाबा."

"बाहेरच्या खोलीत वीस माणसं कुठून आणलीस?"

"खुर्च्या वीस आहेत."

"आणि एका पेशंटसोबत तिघं उभे असतात ते? ते काय श्वास घेत नाहीत?"

तिने रिपोर्ट हिसकावला. पान फाटलं. "मग मोजा तुम्हीच!" ती ओरडली. ते हसले. "मोजतो की. उद्या सुट्टीच आहे मला."

मग तिच्या तोंडून ते वाक्य गेलं. "पण तो डागाळलेला शर्ट घालून येऊ नका. गाइड सर येतील कदाचित. इस्त्रीचा पांढरा घाला."

सकाळी ते पांढऱ्या शर्टात, गळ्यात दोरीला तापमापक अडकवून, वही घेऊन दवाखान्यात कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. दर अर्ध्या तासाला तापमान आणि माणसांची संख्या. दहा वाजता नऊ. साडेदहाला चौदा. अकराला सतरा. साडेअकराला तेवीस. बाराला एकोणीस. ती गच्चीवर बाहेरच्या युनिटसाठी जागा मोजत होती. गाइड सर आलेच नाहीत.

साडेबाराच्या सुमाराला खालून काच फुटल्याचा आवाज आला.

आदल्या दिवशी तिथे एक तरुण इंजेक्शननंतर दगावला होता. त्याचे लोक आले होते. ती जिन्याच्या वळणापर्यंत उतरली. औषधांचं कपाट आडवं पडलं होतं. कोणी खुर्ची उचलून खिडकीवर मारत होतं, कोणी लोखंडी पाइपने टेबल फोडत होतं. नर्सने आतून दार लावलं होतं आणि त्या दारावर लाथा बसत होत्या. पेशंट भिंतीला चिकटले होते, एक बाई मुलावर ओणवी झाली होती.

बाबा स्टुलावरून उठले होते. वही हातातच होती.

"हा कोण रे?" पाइपवाला ओरडला.

"डॉक्टरच असणार. कपडे बघ. लिहितोय बघ साला, आपली नावं लिहितोय!"

ते काही बोलायला गेले. पहिला घाव खांद्यावर बसला. दुसऱ्याने ते गुडघ्यावर आले. त्यांनी डोकं नाही झाकलं, वही छातीशी धरली. तिसरा कानामागे. ओल्या नारळावर घाव बसावा तसा आवाज. मग लाथा, मोजता न येणाऱ्या. पांढरा शर्ट एका बाजूने लाल होत गेला.

सात पायऱ्या. तिच्या आणि त्यांच्यामध्ये फक्त सात पायऱ्या होत्या. 'ते डॉक्टर नाहीत' हे तीन शब्द. तोंड उघडलं, पण दातखीळ बसल्यासारखं झालं. कठडा धरून ती उभीच राहिली.

बाबा वाचले नाहीत. संध्याकाळी तिने पोलिसांना सांगितलं, आईला सांगितलं, सगळ्यांना सांगितलं, की बाबा तिथे मशीन दुरुस्तीला गेले होते.

वही तिच्याकडे परत आली. शेवटची नोंद: साडेबारा, माणसं एक्केचाळीस. आत शिरणारी गर्दी त्यांनी इमानेइतबारे मोजली होती.

तिने रिपोर्ट पहिल्यापासून लिहिला. पाहणी, मग भार, मग हवेचं प्रमाण, मग यंत्र, मग हवा वाहून नेणारे डक्ट. माणसं तेवीस धरली. भार निघाला चार पूर्णांक सात टन, अजिबात गोल नाही. वहीतला सगळा तक्ता परिशिष्टात लावला. गाइड म्हणाले, "तो एक्केचाळीस काढून टाक गं. उगाच प्रश्न येतील." तिने काढला नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. पानं उलटता उलटता ते थांबले.

"रिपोर्टची मांडणी चोख आहे. पण हे साडेबाराचं एक्केचाळीस काय आहे? तुम्ही डिझाइनमध्ये तेवीसच घेतलेत."

"टायपिंगची चूक असेल, सर," गाइड घाईने म्हणाले. "ती दुरुस्त करून देईल."

"आणि निरीक्षकाचा रकाना रिकामा का? नोंदी कोणी घेतल्या? तुम्ही?"

हो म्हटलं असतं तर सुटली असती. पदवी दोन बोटांवर होती. तिने टेबलाची कडा धरली, कठडा धरला होता तशीच.

"चूक नाही, सर. त्यांतले एकोणीस पेशंट आणि नातेवाईक. बाकीचे मारायला आले होते. नोंदी मी घेतल्या नाहीत. मीच म्हटलं म्हणून ते मोजायला बसले. पांढरा शर्टही मीच घालायला लावला. त्यांना डॉक्टर समजून मारलं, आणि मी जिन्यात उभी राहून गप्प बसले."

तिचा आवाज चढला, जिन्याखाली ऐकू जावा इतका.

"ते डॉक्टर नव्हते. मेकॅनिक होते. माझे बाबा होते ते!"