धुवायच्या नसलेल्या साड्या

मेहकरजवळच्या सुलतानपूरच्या जयमालाकडे गोधड्या शिवून मिळतात, हे आता गावापेक्षा बाहेरच्यांनाच जास्त ठाऊक होतं. लोक आपल्या घरातल्या जुन्या साड्या पार्सलने पाठवायचे. सासूबाई रुखमाबाई आणि शेजारच्या पुष्पाबाई त्या थरावर थर घालून हाताने शिवायच्या आणि तयार गोधडी जयमालाचा नवरा ज्ञानेश्वर मेहकरला नेऊन कुरिअरला द्यायचा. फोनवरचं सगळं काम जयमालाचं. फोटो टाकणं, माप विचारणं, गिऱ्हाइकाला उत्तर देणं. ती बी.ए. झालेली. लिहिता येणाऱ्या भाषा दोनच, मराठी आणि इंग्रजी. हिंदी बोलण्यापुरती यायची, तेवढी तर तिकडे सगळ्यांनाच येते.

सुरुवातीला कोणी कोणत्याही भाषेत लिहिलं तरी ती इंग्रजीतच उत्तर द्यायची. इंग्रजी सगळ्यांना चालते, अशी तिची समजूत. मग एकदा एका बाईने तमिळमध्ये काहीतरी लांबलचक विचारलं. जयमालाने शुद्ध, व्यवस्थित इंग्रजीत उत्तर पाठवलं. बाईने ते वाचल्याच्या दोन निळ्या खुणा दिसल्या आणि पुढे काहीच आलं नाही. असं आणखी दोघींच्या बाबतीत झालं, तेव्हा तिच्या मनात आलं की आपल्या सासूला कोणी इंग्रजीत उत्तर दिलं असतं, तर सासूनेही फोन उलटा करून ठेवला असता.

तेव्हापासून तिने पद्धत बदलली. आलेला मजकूर कॉपी करायचा, भाषांतराच्या ॲपमध्ये टाकायचा, मराठीत वाचायचा. उत्तर आधी मराठीत लिहायचं, तेही पुस्तकी मराठीत. एकदा सवयीने तिने "तुमाले कोनता रंग पाह्यजे" असं लिहिलं होतं आणि ॲपने त्याचं भलतंच काहीतरी करून दिलं होतं. वऱ्हाडी त्याच्या पचनी पडत नव्हती. मग वाक्य छोटं, एका वाक्यात एकच गोष्ट. माप आकड्यात. तयार झालेलं भाषांतर तसंच पाठवायचं नाही. ते पुन्हा उलटं मराठीत करून पाहायचं. आपण म्हटलं तेच परत आलं तर ठीक, नाहीतर वाक्य मोडून नव्याने लिहायचं. आणि शेवटी दर वेळी एक ओळ: मला तुमची भाषा येत नाही, हे फोनच्या मदतीने लिहिलं आहे, काही चुकीचं वाटलं तर जरूर सांगा.

या ओळीवरून रुखमाबाईंनी तिला टोकलं होतं. "आपल्याले येत नाई हे आपणच काऊन सांगायचं? चाललं तं चालू दे ना."

"आत्याबाई, त्यायले वाटलं मले येते, तं माझी चूक ते सांगनार नाईत. मनातच राग धरतील."

रुखमाबाईंना ते पटलं की नाही कळलं नाही, पण पुन्हा त्या बोलल्या नाहीत.

गदगच्या गिरिजम्मा याच पद्धतीने जोडल्या गेल्या. त्यांचे निरोप कानडी लिपीत यायचे, नीट, समजतील असे. आई नुकतीच गेली, तिच्या साड्यांची गोधडी हवी, एकट्यापुरती. जयमालाने कानडीत उत्तरं दिली. गोधडीचं माप ठरलं, काठाचा रंग ठरला आणि एका सकाळी पार्सल आलं.

रुखमाबाईंनी ओसरीत बसून पार्सलची शिवण उसवली. आत इरकली साड्या होत्या, नीट घड्या घातलेल्या, मधे मधे वाळलेली पानं. पुष्पाबाईंनी एक घडी नाकाशी नेली.

"कसला तरी वास येते."

"पेटीतला असन," रुखमाबाई म्हणाल्या. "मी हौदात पानी सोडते. भिजू घालू, उद्या वाळल्या की कापू." आलेली साडी धुतल्याशिवाय सुई लावायची नाही, हा त्यांचा नियम होता.

तेवढ्यात जयमालाचा फोन वाजला. गिरिजम्माच. पण या वेळी कानडी लिपी नव्हती. कानडी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिलेले होते, जोडून-तोडून, जमतील तसे. जयमालाने ते ॲपमध्ये टाकले. ॲपने आधी ती दुसरीच कुठली तरी भाषा धरली. तिने हाताने कानडी निवडली, तेव्हा मराठीत आलं:

साड्या धुवा ब्याड्री. आईचा वास आहे.

तिने ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"मी काय म्हनत होती?" रुखमाबाई उठल्या. "तिलेबी वास आला. धुवा म्हनते."

"पण हे ब्याड्री काय आहे?"

"असन कोनाचं नाव. तिची लेक असन." त्यांनी साड्यांचा गठ्ठा उचलला आणि हौदाकडे निघाल्या.

जयमाला फोनकडे बघत राहिली. सगळं जुळत होतं. वास येतो म्हणून धुवा. तिने ब्याड्री हा शब्द एकटा ॲपमध्ये टाकला. तो तसाच परत आला. जे ॲपला कळत नाही ते तो तसंच ठेवतो, हे तिला अनुभवाने माहीत होतं. तिची स्वतःची वऱ्हाडीही तो अशीच अर्धीमुर्धी ठेवायचा. मग गिरिजम्माही आज आपल्या घरच्या बोलीत लिहीत असतील तर? आधीचे निरोप दुसऱ्याच कोणीतरी लिहून दिले असतील आणि आज त्या स्वतः फोन घेऊन बसल्या असतील तर? बाकीचे शब्द कळले आणि एक राहिला. राहिलेला शब्द 'लवकर' असू शकत होता, 'बाई' असू शकत होता. 'नका' सुद्धा असू शकत होता.

हौदाच्या नळाचा आवाज सुरू झाला होता.

"आत्याबाई, थांबा. साड्या पान्यात टाकू नका."

रुखमाबाई गठ्ठा हातात घेऊनच वळल्या. "आता काय झालं?"

"ब्याड्रीचा अर्थ लागून नाई राह्यला. तो लागल्याबिगर धुवायच्या नाईत."

"अवो, धुवा असं सोताच वाचलं ना तू. दिवस वाया जाईन."

"जाऊ द्या. धुतलेलं मागं घेता येत नाई."

तिचा आवाज काही मोठा झाला नव्हता, पण रुखमाबाईंनी नळ बंद केला आणि गठ्ठा बाजेवर नेऊन ठेवला.

आता विचारायचं कसं, हा प्रश्न होता. मोठा प्रश्न लिहिला तर पुन्हा त्याच बोलीत उत्तर येणार आणि पुन्हा तोच घोळ. जयमालाने मराठीत अगदी तोडून लिहिलं: मला तुमचा निरोप नीट समजला नाही. माफ करा. साड्या अजून धुतल्या नाहीत. खालीलपैकी एक आकडा पाठवा. १. साड्या धुवा. २. साड्या धुवू नका.

तिने त्याचं कानडी केलं, उलटं मराठी करून पाहिलं. पहिली आणि दुसरी ओळ जशीच्या तशी परत आली, 'नका' जागेवर होता. मग पाठवलं.

उत्तर लगेच आलं नाही. तिघींनी दुसऱ्या गोधडीचा काठ घेतला. रुखमाबाई टाके घालत होत्या, पण दर थोड्या वेळाने बाजेकडे पाहत होत्या. दुपारचा चहा झाल्यावर फोन वाजला. पडद्यावर एकच आकडा होता.

२.

जयमालाने फोन फिरवून सासूला दाखवला. रुखमाबाईंना अक्षरं वाचायला वेळ लागायचा, आकडा लागला नाही. त्यांनी सुई कापडात खोचून ठेवली.

थोड्याच वेळात कानडी लिपीतला मोठा निरोप आला. ॲपने तो सरळ मराठीत दिला. गिरिजम्मांनी लिहिलं होतं की रोज लिहून देणारी भाची आज गावाला गेली होती, म्हणून सकाळी त्यांनी स्वतःच लिहिलं. आता ती परतली आहे. आई हळद आणि विभूती लावायची, तिचा वास या साड्यांच्या घडीत आहे, पेटी उघडली की ती घरात आल्यासारखी वाटते. तेवढाच वास आता उरला आहे. म्हणून धुवू नका. सकाळचं 'ब्याड्री' म्हणजे तेच, 'नका'.

जयमालाने हे वाचलं तेव्हा पुष्पाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. रुखमाबाई उठल्या, बाजेवरची एक साडी उचलली आणि या वेळी स्वतः तिचा वास घेतला.

"हळदीचाच आहे," त्या म्हणाल्या. "मी हे हौदात बुडवून राह्यली होती."

"बुडवलं नाई ना."

"तुह्यामुळं नाई." एवढंच बोलून त्या साड्या उलगडायला बसल्या.

न धुतलेलं कापड शिवणं सोपं नव्हतं. जुन्या खळीने सुई अडत होती. रुखमाबाईंनी साड्या उन्हात टाकायचंही नाकारलं. उन्हानं वास उडतो, असं त्यांचंच म्हणणं. झटकायच्याही नाहीत, हलक्या हाताने पुसायच्या. सगळ्यात जास्त वापरलेली साडी त्यांनी मधल्या थरात न घालता वर घेतली, अंगाला लागेल अशी. ते कोणी सांगितलं नव्हतं. जयमालाने तसा फोटो काढून विचारलं, चालेल का, आणि गदगहून हात जोडलेली तीन चित्रं आली.

गोधडी गेली. काही दिवसांनी संध्याकाळी गिरिजम्मांचा निरोप आला आणि जयमाला चकित झाली. तो मराठीत होता.

"तू माझ्या आईला गोधडीत ठेवलेस. वास आहे. मी रात्री पांघरते. मला तुझी भाषा येत नाही. हे भ्रमणध्वनीच्या मदतीने लिहिले आहे. चुकीचे वाटले तर जरूर सांग."

जयमालाने ते दोनदा वाचलं. 'तू' हे ॲपचं काम होतं, तिला ओळखू आलं. आपल्या कानडीतही कुठे ना कुठे असाच 'तू' गेला असेल, आणि त्या बाईने तो पोटात घातला असेल. कॉलेजात इंग्रजीच्या पेपरात ती पहिली आली होती तेव्हाही तिला एवढं भरून आलं नव्हतं.

तिने ओसरीत मोठ्याने वाचून दाखवलं. ज्ञानेश्वर नुकताच शेतातून आला होता, पाय धुता धुता तो थांबून ऐकत राहिला. पुष्पाबाईंनी 'भ्रमणध्वनी' म्हणजे काय विचारलं, आणि फोन म्हटल्यावर हसल्या.

रुखमाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या पुष्पाबाईंना म्हणाल्या, "पाह्यलं? गदगची बाई मराठीत लिहून राह्यली. आमच्या जयमालानं कानडीत लिहिलं म्हनून."

"मले कानडी येत नाई, आत्याबाई."

"माहीत आहे. तेबी तू सांगतलं तिले." त्या सरकून तिच्या शेजारी बसल्या. "आता माह्यं एक लिही. गोधडीले ऊन दाखवू नका म्हन. पावसाळ्यात दमट लागली तं सावलीत, वाऱ्यावर ठेवा. अन् माह्या हातची आहे म्हन."

जयमालाने सासूची वऱ्हाडी आधी पुस्तकी मराठीत बसवली, वाक्यं छोटी केली, मग कानडीत नेली आणि उलटी करून पाहिली. 'ऊन' नीट आलं होतं. 'सावली' नीट आली होती.

"अन् माह्या हातची, हे आलं काय?" रुखमाबाईंनी विचारलं.

"आलं. रुखमाबाईंच्या हातची, असं तुमचं नाव घालूनच लिहिलं."

"मंग पाठव," रुखमाबाई म्हणाल्या, आणि निरोप गेल्याची खूण दिसेपर्यंत फोनवर वाकून बसल्या.