केबल मागेच लावली होती

आमच्या शहरातल्या कॉम्प्युटरवाल्यांचा एक फोरम आहे. तिथे मी ‘पेचकस’ या नावाने लिहिते. माझ्या दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या कुणालाही हे ठाऊक नाही, आणि ते बरंच आहे. फोरमवर बोलते तसं गिऱ्हाइकांशी बोलले असते, तर दुकानाला कधीच कुलूप लागलं असतं.

त्या दिवशी सकाळी ‘नवशिकी’ नावाच्या एका बाईने लिहिलं, ‘‘नवं ग्राफिक्स कार्ड बसलं. पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीन काळीच. ॲनिमेशनच्या नोकरीसाठी चाचणीचं काम आज संध्याकाळपर्यंत पाठवायचंय आणि त्यांचं सॉफ्टवेअर कार्डाशिवाय उघडत नाही. मुलं झाल्यापासून घरीच होते, इतक्या वर्षांनी कुणीतरी विचारलंय. नवरा म्हणत होता, दुकानात बसवून घे. मी म्हटलं, मला येतं. कुणीतरी सांगा हो.’’

पहिलं उत्तर अर्थातच ‘सर्वज्ञ’ यांचं. हे गृहस्थ फोरमवरच राहतात, घरच्यांनी बाहेर काढलं असावं. ‘‘बसलं म्हणजे गेलं. आवाज बसतो, बॅटरी बसते, तसंच. कार्ड परत करा.’’

माझं डोकंच फिरलं. मी लिहिलं, ‘‘अहो सर्वज्ञ, बाईंनी कार्ड बसवलंय. बसलं म्हणजे खाचेत बसलं. तुमची अक्कल बसलीय, ती कुठे परत करतात ते आधी शोधा.’’

या वाक्याला धडाधड अंगठे आले. मग मी माझी ती यादी चिकटवली. फोरमवर ‘स्क्रीन काळी’ म्हटलं की सगळे हीच यादी पुढे करतात, आणि हो, मला त्याचा जरा माज आहे.

‘‘बाई, घाबरू नका आणि नुसतं ‘हो’ म्हणू नका, उठून बघा. मॉनिटरची केबल मागे घट्ट लावली का? मॉनिटरवर इनपुट बरोबर निवडलंय का? आता मशीन बंद करा, वायर भिंतीतून काढा आणि मगच आत हात घाला. कार्ड खाचेत खटका वाजेपर्यंत दाबलं का? की एक टोक वर आणि एक खाली? कार्डाला पॉवर सप्लायकडून वेगळी वायर लागते, ती दिली का? नुसते पंखे फिरले म्हणजे ती लागली असं नाही. पॉवर सप्लाय या कार्डाला पुरेल एवढा आहे का, खोक्यावर वाचा. कार्ड बसवताना हाताचा धक्का लागून रॅम सैल झाली असेल, काढून पुन्हा बसवा. एवढं करूनही काळीच राहिली तर कार्ड काढून चालू करा. तेव्हा चित्र आलं, तर बाकी मशीन ठणठणीत आहे.’’

थोड्या वेळाने उत्तर आलं. केबल मागे घट्ट लावलीय, हो. इनपुट बरोबर, हो. खटका वाजला. वेगळी वायर दिलीय. सप्लाय पुरेसा आहे. रॅम पुन्हा बसवली. ‘‘आणि दादा, कार्ड काढलं की चित्र येतं. कार्ड लावलं की काळं.’’

सर्वज्ञ लगेच हजर. ‘‘बघा! मी म्हटलं नव्हतं? कार्ड गेलं.’’

आता या माणसाचं खरं ठरणार म्हटल्यावर माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. राग काढायला समोर बाईच होती. ‘‘सगळ्याला हो म्हणताय, मग स्क्रीन लागायला हवी होती,’’ मी लिहिलं. ‘‘यादी वाचताना डोळे कुठे ठेवले होते? इथे माणसं फुकट वेळ देतात, निदान नीट बघायचे कष्ट तरी घ्या.’’

यावरही अंगठे आले.

दुपारी माझ्या दुकानासमोर रिक्षा थांबली. एक बाई दोन्ही हातांनी कॉम्प्युटरचं कॅबिनेट छातीशी धरून उतरली, जणू कडेवर मूलच. टेबलावर ठेवलं आणि धापा टाकत म्हणाली, ‘‘ताई, नवं कार्ड बसवलंय आणि स्क्रीन काळी. आज संध्याकाळपर्यंत काम पाठवायचंय.’’

मी लगेच ओळखलं, ही नवशिकी. पण तसं सांगायला तोंड हवं ना.

‘‘फोरमवर विचारलं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘तिथे एक पेचकसदादा आहेत. बोलतात फार टोचून. माझे डोळेच काढले. पण माणूस जाणकार वाटतो, म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असणार. नवऱ्याला कळलं तर तो काही बोलणार नाही, नुसता हसेल. तेच नको वाटतं.’’

मी पॉवरची वायर लावली. कार्ड चांगलं बसलेलं, वायरी नीटनेटक्या बांधलेल्या. कुणीही नावाजावं असं काम. फक्त कार्डाच्या बाहेरच्या तोंडांवर कंपनीच्या काळ्या रबरी टोप्या तशाच होत्या. मी एक टोपी काढली, माझ्या मॉनिटरची केबल तिथे खोचली आणि बटण दाबलं.

लख्ख चित्र आलं.

‘‘अगं बाई!’’ ती ओरडलीच. ‘‘काय केलंत?’’

‘‘घरी केबल कुठे लावली होती?’’

तिने मदरबोर्डाच्या भोकाकडे बोट दाखवलं. ‘‘इथे. आधीपासून इथेच होती. यादीत लिहिलंय ना, केबल मागे लावली का? मागेच तर लावलीय.’’

माझे कान तापले. नवं कार्ड लावलं की हे मशीन चित्र कार्डातून बाहेर सोडतं आणि मदरबोर्डाचं भोक मुकं होतं. कार्ड काढलं की ते पुन्हा बोलायला लागतं. तिने तर सांगितलंच होतं, कार्ड काढलं की चित्र येतं. केबल जागची हलवली नव्हती, तरी येतं. यापेक्षा सरळ भाषेत कुणी काय सांगायचं? पण मी सर्वज्ञांशी भांडण्यात दंग होते.

‘‘मग कार्ड बरोबर बसलं होतं का?’’ तिने विचारलं.

‘‘अगदी बरोबर.’’

‘‘मी बसवलेलं?’’

‘‘तुम्हीच बसवलेलं. मी फक्त टोपी काढली.’’

तिचा जीव भांड्यात पडला. तिथेच स्टूल ओढून बसली. आम्ही कार्डाचा ड्रायव्हर टाकला, सॉफ्टवेअर उघडलं आणि तिचं काम माझ्या टेबलावरच सुरू झालं. एक म्हातारी खुर्चीतून उठते, एवढंच दृश्य. पण ती म्हातारी उठताना गुडघ्यावर हात ठेवून क्षणभर थांबायची, आणि ते थांबणं मला फार आवडलं. बाहेर दिवे लागायच्या आत फाइल गेली.

मग नवऱ्याचा फोन आला. ‘‘हो, पाठवलं,’’ ती म्हणाली. ‘‘अरे, कार्ड बरोबरच बसलं होतं. दुकानातल्या ताईंनाच विचार हवं तर.’’ मी लांबूनच मोठ्याने ‘‘बरोबर होतं!’’ म्हणून ओरडले.

निघण्याआधी म्हणाली, ‘‘थांबा, फोरमवर सांगते. माझ्यासारखं आणखी कुणी अडकायला नको.’’ मोबाइल काढून ती टाइप करायला लागली आणि मोठ्याने वाचतही होती. ‘‘पेचकसदादा, डोळे जागेवरच होते. तुमच्या यादीत ‘मागे’ लिहिलंय. मागे म्हणजे कुठे, ते लिहा.’’

तिने पाठवलं आणि टेबलावर माझा फोन टिंग वाजला.

फोन तिच्याच हाताशी होता. पडद्यावर ठळक अक्षरांत आलं होतं, ‘पेचकस, नवशिकीने तुम्हाला उत्तर दिलंय.’ तिने ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचलं.

‘‘दादा नाही होय,’’ ती म्हणाली.

मी मान खाली घातली. ती हसली नाही, चिडलीही नाही. फोन उचलून तिने माझ्या हातात दिला आणि कॅबिनेटवर कोपर टेकून उभी राहिली.

‘‘लिहा,’’ ती म्हणाली. ‘‘मी थांबलेय.’’

मी यादी उघडली आणि पहिल्याच ओळीत ‘मागे’च्या पुढे ‘कार्डाच्या तोंडात’ घातलं.

‘‘आणि टोपी?’’

टोपीचंही लिहिलं.

‘‘आता माझ्या डोळ्यांचं जे लिहिलंत, ते काढा.’’

त्या वाक्याला एव्हाना साठ-सत्तर अंगठे मिळाले होते. मी काढलं.