कांताबाईंचा ताबा

उमरखेडच्या कोर्टात तीस वर्षं वकिली करतो आहे. अशिलानं माझा मसुदा परत केला, असं एकदाच घडलं.

ढाणकीच्या कांताबाईंनी २००० साली वामनरावांकडून तीन एकर वावर घ्यायचा सौदा केला. वामनराव पुसदला कारकून होते, त्यामुळे सौदाचिठ्ठी त्यांनीच झोकात लिहून सही केली: आज ताबा दिला, वर्षभरात खरेदीखत करून देईन, उरलेले दहा हजार तेव्हा घेईन. पुढची चोवीस वर्षं ते ‘पुढच्या महिन्यात’ म्हणत राहिले. मग शेजारून मोठा रस्ता निघाला आणि त्यांना मालकी आठवली. चिठ्ठीची नोंदणी नाही, बाई वावर सोडा, असा दावा त्यांनी ठोकला.

सप्टेंबर २००१ मध्ये कायदा बदलला; चिठ्ठी त्यानंतरची असती, तर नोंदणीवाचून बाईंचा बचावच उरला नसता. आधीची होती म्हणून जीव होता. पण आमच्याकडे कायद्यापेक्षा सल्ला स्वस्त. निवृत्त तलाठी पंजाबरावांनी निकाल देऊनच टाकला, “बारा वर्षं झाली का वावर आपलं! वामनरावले वळखतच नाही म्हना.” मीही शहाणा, बाईंच्या जबाबात तसंच लिहिलं.

कांताबाईंनी वाचून घेतलं आणि सही करायला नकार दिला. “त्याइनं देल्लं म्हनून मी वावरात गेली. वळखत कशी नाही?”

“कोर्टात असंच म्हणतात, कांताबाई.”

“मंग कोर्टानं म्हनावं.”

मी चरफडत पान फाडलं. कमी स्टँपचा दंड भरून चिठ्ठी पुराव्यात आणली. उलटतपासणीत वामनरावांच्या वकिलानं दरडावून विचारलं, “वावराचे मालक कोण?”

“वामनराव. खरेदी करून द्याची राह्यली त्याइची. माहे दहा हजार तवाही तयार होते, आजही हायेत.”

समोरचा वकील हसला. मी कपाळ धरलं. निकाल आला तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली, कारण त्याच उत्तरावर दावा फेटाळला होता. ताबा करारानं मिळाला, बाई आपला भाग पुरा करायला तयार आहेत, म्हणून वामनरावांना वावर परत मागता येणार नाही. मालकी सांगून करार नाकारला असता, तर हे संरक्षण गेलं असतं. माझ्या मसुद्यानं बाई रस्त्यावर आल्या असत्या.

पंजाबरावांनी “म्या म्हनलंच होतं” म्हणत पेढे वाटले.

“मंग आता सातबारा माह्या नावानं?” कांताबाईंनी विचारलं.

“नाही. मालक वामनरावच. खरेदीसाठी दावा लावायची मुदत कधीच गेली.”

“मंग आपन जिंकलो काय?”

“ताबा.”

“तो तं माह्यापाशी होताच ना, वकीलसाहेब.”