मार्चची आठवण

धम्मदीप काशीमिऱ्याच्या एका गोदामात डिस्पॅच मॅनेजर होता. आपण माणूस एका नजरेत ओळखतो, अशी त्याची स्वतःबद्दल ठाम समजूत होती. घरात ती कुणी मानत नसे, म्हणून तो ती ऑफिसात वापरायचा.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याने बारा जणांचं वार्षिक मूल्यमापन चाळीस मिनिटांत उरकलं. चंदनला सगळीकडे पाचपैकी पाच. चंदन फाडफाड इंग्रजी बोलतो, मीटिंगला रंगीत तक्ते आणतो. म्हणजे त्याची हजेरीही चोख असणारच! उत्तनच्या मॅबेलला दोन. वीस मार्चला तिने नाशिकचा माल सुरतच्या ट्रकात चढवला होता आणि वरून बोलणी खाल्ली होती धम्मदीपने. ती त्याला अजून पचली नव्हती. मॅबेलचा अर्ज सुपरवायझरच्या जागेसाठी होता. तीनपेक्षा कमी गुण म्हणजे नाव बाद.

दुसऱ्याच दिवशी एचआरच्या नीलिमाने सगळे फॉर्म परत आणून टेबलावर ठेवले.

"सर, प्रत्येक गुणापुढे पुरावा हवा. दर तिमाहीतला निदान एक प्रसंग, तारखेसकट. आणि एकेक माणूस नका घेऊ. एक मुद्दा घ्या, त्यावर बाराही जणांना तपासा, मग पुढचा."

"अहो, माझं सगळं डोक्यात असतं."

"मग जुलैमधलं सांगा ना काहीतरी."

जुलैमधलं डोक्यात काहीच नव्हतं. ऑगस्टमधलंही नाही. डोक्यात होता तो फक्त मार्च, आणि तोही अर्धा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मनात म्हणत त्याने मुकाट्याने नोंदी उघडल्या.

हजेरीत चंदन बारावा निघाला. गेटवरच्या मशीनने त्याचे एकतीस लेट मार्क इमानेइतबारे मोजून ठेवले होते. तक्त्यांचे पाच राहिले, हजेरीचे दोन झाले. अचूकतेत मॅबेल पहिली होती, मार्चची चूक धरूनही. वर्षभरात तिच्या हातून चुका झाल्या फक्त दोन, दिवाळीच्या गर्दीत तर एकही नाही. तिचे सरासरी गुण चार झाले.

धम्मदीपने तिला केबिनमध्ये बोलावलं आणि खरं ते सांगून टाकलं.

"मार्च डोक्यात ठेवून मी आधी दोन दिले होते. आता पूर्ण वर्ष बघितलं, चार होतायत. तुझं नाव पुढे जातंय."

आभार स्वीकारताना करायचा नम्र चेहरा त्याने तयार ठेवला होता.

मॅबेलने फॉर्म वाचला. "चूक झालेली, मी न्हाय म्हणत न्हाय. पण सर, गेल्या साली पण ही जागा निघालेली. तवा पण मला दोनच होते. ते कशाचे?"

त्याने गेल्या वर्षीचा फॉर्म काढला. शेऱ्यात त्याच्याच अक्षरात एक ओळ होती: 'ऐन मार्चमध्ये चार दिवस गैरहजर.'

त्या चार दिवसांत तिची आई गेली होती. धम्मदीप स्वतः उत्तनला जाऊन मातीला उभा राहिला होता.