एकतीस मेची बिलं

कंटाळा कंटाळा म्हणतात ना, तो मला त्या नोटनं आणला. मंगळवारी सकाळी नांदेडला नव्या नोकरीवर हजर व्हायचं होतं आणि इथलं सुटल्याचं पत्र हातात नव्हतं. पत्राशिवाय तिकडं उभं करणार नव्हते. आणि पत्र अडलं होतं कशापायी, तर रिपोर्ट कसा काढायचा ते लिहून द्यायच्या नोटपायी.

आमची बियाण्याची कंपनी, जालन्याच्या एमआयडीसीत. दर महिन्याचा विक्री रिपोर्ट काढायचं काम माझ्याकडं होतं. आधी तो हातानं व्हायचा, आठ-आठ दिवस लागायचे. मी एक्सेलमध्ये बटण बसवलं. परतूर, मंठा, तीर्थपुरी या तिन्ही डेपोंच्या फायली एका फोल्डरमध्ये टाकायच्या, महिना लिहायचा, बटण दाबायचं. त्या महिन्याच्या तारखेची बिलं ते उचलतं, परत आलेली पाकिटं वजा करतं आणि बेरीज काढतं. मंग गोदामातून किती पाकिटं कमी झाली त्याच्याशी ताळा लावतं. ताळा लागला न्हाई तर तो रकाना लाल.

आता हे सगळं वामनला शिकवायचं होतं. वामन आमच्या शेजारच्या टेबलावरचा, मुलगा शांत, पण लिहिलेलं असेल तेवढंच करणार. मी म्हणाले, बरंय, असाच माणूस पाहिजे.

पहिली नोट लिहिली तर आमचे गिरिधर साहेब म्हणाले, "मॅडम, हा काय ग्रंथ लिहिला?" कापून अर्धी केली तर म्हणाले, "यात तर काहीच न्हाई." तिसऱ्यांदा लिहिली. डेपोची फ्लॉपी एसटीच्या कंडक्टरच्या हाती येते, फाइलचं नाव कसं द्यायचं, महिना कुठं टाकायचा, लाल रकाना आला की डेपोला फोन करायचा, सगळं सगळं. शनिवारी संध्याकाळी ती त्यांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "साहेब, आता पत्राचं तेवढं."

त्यांनी नोटकडं बघितलंच न्हाई. "आज राहू द्या. अमावस्या आहे, शुभ कामाच्या कागदावर सही-बिही नको. सोमवारी वामन मेचा रिपोर्ट काढेल, निस्ती नोट बघून. तुम्ही कीबोर्डला हात लावायचा न्हाई. निघाला की लगेच सही."

मी घरी येऊन भांडी आपटली. नवरा म्हणाला, "भांड्यांनी काय केलं?" मी म्हणाले, "त्यांनीच तर काही केलं न्हाई, म्हणून आपटते."

सोमवारी सकाळी फ्लॉप्या आल्या. वामननं फायली टाकल्या, महिना लिहिला, बटण दाबलं. मी मागं खुर्चीवर, दोन्ही हात मांडीखाली दाबून. साहेब बाजूला उभे.

परतूर लाल. मंठा लाल. तीर्थपुरी लाल.

"वा!" साहेब म्हणाले. "तिन्हीच्या तिन्ही! मॅडम, हा तुमचा रिपोर्ट?"

दोन वर्षांत असं कधी झालं नव्हतं. माल गोदामातून जास्त गेला होता आणि बिलं कमी दिसत होती. मेचा शेवट म्हणजे आमचा खरा हंगाम, मृग तोंडावर, कपाशीच्या पाकिटांसाठी दुकानदार रांगा लावतात. आणि त्यातच विक्री कमी? वामननं माझ्याकडं बघितलं. मी ओरडले, "माझ्याकडं काय बघतोस? नोट बघ!"

त्यानं नोट बघितली, बोट ठेवून वाचली, आणि मंठ्याला फोन लावला. स्पीकर चालू केला, कारण साहेबांनी सांगितलं. तिकडं डेपो सांभाळणारे पुंजाराम मामा.

"मामा, तुमच्या इथं शेवटच्या दिवशी माल गेला का?"

"गेला की! निस्त्या चिठ्ठ्यांवर गेला. दोन टेम्पो."

"मंग बिलं?"

"बिलं काल फाडली, एक तारखेची. परवा अमावस्या न्हवती का? अमावस्येला बिल कोण फाडतंय रे? दुकानदार घेतच न्हाईत. माल घेतात, मृगाची घाई असते. पण बिल दुसऱ्या दिवशीचं."

"दर महिन्याला असंच?"

"दर अमावस्येला. बापजाद्यापासून. तुला माहीत न्हाई?"

माहीत कोणाला नव्हतं! मला माहीत होतं, वामनला माहीत होतं, जालन्याच्या मोंढ्याच्या बाजारात हिंडणाऱ्या कुत्र्यालाही माहीत असेल. पण एरवी अमावस्या महिन्याच्या मधी कुठंतरी पडायची. बिल एक दिवस पुढं गेलं तरी महिना तोच, बटणाला फरक पडत नव्हता. यंदा ती बराबर महिन्याच्या शेवटच्या दिवशी येऊन बसली आणि बिलं जूनमध्ये गेली. जे सगळ्यांना माहीत ते लिहितं कोण? मीही लिहिलं नव्हतं. कपाळावर हात मारून घेतला.

वामननं परतूर-तीर्थपुरीलाही फोन केले. तेच उत्तर. चिठ्ठ्यांची पाकिटं विचारून जोडली, तिन्हीकडं फरक बराबर तेवढाच. मला हुश्श झालं. रिपोर्ट चुकला नव्हता.

पण साहेबांचा चेहरा उतरला होता. वरच्या ऑफिसला मेची विक्री मोठी दिसायला हवी होती. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "ही बघा, बिलं फाइलमध्येच आहेत. फक्त तारीख एक जून. वामन, एकतीस मे कर. लाल जाईल, आकडा येईल, मॅडम सुटतील."

मॅडम सुटतील! खरं सांगते, दोन क्षण मला ते फार गोड वाटलं. उद्याची गाडी दिसली. मंग जूनचा रिपोर्ट दिसला.

"न्हाई साहेब," मी म्हणाले. "जूनच्या फाइलमध्ये डेपोवाले हीच बिलं पुन्हा पाठवतील. तीच विक्री दोनदा मोजली जाईल. आणि दुकानदाराच्या हातातल्या बिलावर एक जूनच राहील. वामन गोत्यात येईल, मी नांदेडला असेन."

"मंग हा लाल रिपोर्ट वर पाठवू?"

"पाठवा. खाली एक ओळ लिहा, माल गेला, बिल एक तारखेचं. जूनमध्ये हेच उलटं लाल येईल, विक्री जास्त दिसेल आणि माल कमी. तेव्हाही हीच ओळ. बस."

"मॅडम!" साहेब चिडले. "दोन हजार तीन साल चालू आहे. कॉम्प्युटरच्या जमान्यात वरच्या साहेबाला मी अमावस्या सांगू? खेडवळ समजतील मला. कसली अमावस्या-फिमावस्या!"

माझं डोकंच फिरलं. तीन नोटा, दोन दिवस, मांडीखाली दाबलेले हात, सगळं एकदम वर आलं.

"परवा संध्याकाळी माझं पत्र का अडवून ठेवलंत मंग? कोणत्या जमान्यातली अमावस्या होती ती?"

वामननं मान खाली घातली. शेवटचा फोन ठेवायचा राहिला होता, स्पीकरही चालूच. तीर्थपुरीच्या डेपोवरचे रामकिसन काका तिकडून फिस्सकन हसले आणि म्हणाले, "बराबर बोलली पोरगी."

साहेबांनी फोन आपटला. मला वाटलं, गेलं पत्र. आता इथंच बसा, बटण दाबत.

तेवढ्यात वामननं माझी नोट पुढं ओढली, खिशातलं पेन काढलं आणि शेवटी लिहायला लागला. मोठ्यानं वाचत वाचत: "महिन्याची शेवटची तारीख अमावस्येची असेल तर डेपो बिल पुढच्या महिन्याचं फाडतात. तारीख बदलायची न्हाई, कोणीही सांगितलं तरी." खाली स्वतःची सही केली आणि कागद साहेबांपुढं सरकवला. "साहेब, रिपोर्ट निघाला. नोट बघूनच निघाला. ताईंनी हात लावला न्हाई."

साहेबांनी "कोणीही सांगितलं तरी" वर बराच वेळ नजर ठेवली. मंग ड्रॉवर उघडला. माझं पत्र आतच होतं, टाइप केलेलं, तारखेची जागा रिकामी. त्यांनी तारीख घातली, सही केली.

पत्र माझ्याकडं ढकलत म्हणाले, "पुढची अमावस्या कधी आहे हो?"

मी म्हणाले, "ते नोटमध्ये न्हाई साहेब. पंचांग बघा."