प्रस्तावनेचे दहा गुण

दुपारी अश्विनीचा मेसेज आला, तेव्हा तिच्या मार्गदर्शक आरती मॅडम जुन्नरच्या अभ्यास केंद्रात जेवत होत्या. मेसेजमध्ये प्रकल्पाची सूचनापत्रिका जशीच्या तशी पेस्ट केली होती. विषय होता 'मुलींची शाळागळती', आणि खाली गुणांची विभागणी: प्रस्तावना दहा, माहिती संकलन वीस, विश्लेषण पन्नास, मांडणी वीस. मुदत सोमवारची. स्वतःचं एक अक्षर नव्हतं, 'मॅडम' एवढंसुद्धा नाही.

अश्विनी येडगावची. दोन लेकरं, सासूचं आजारपण आणि दूरशिक्षणातली पदवी, असं सगळं एकत्र ओढणारी. मॅडमनी सवयीनं आराखडा टाइप करायला घेतला. प्रस्तावना, उद्दिष्टं, पद्धत... मग बोट थांबलं. हिनं किती काम केलंय हेच आपल्याला ठाऊक नाही. त्यांनी ते पुसलं आणि लिहिलं, "किती झालंय?"

मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसल्या. उत्तर आलं नाही.

संध्याकाळी मॅडमनी आपलाच मेसेज पुन्हा वाचला आणि तो त्यांना जाब विचारल्यासारखा वाटला. त्यांनी फोन लावला.

"अश्विनीताई, मी रागावले नाही. काय पाठवावं ते ठरवायला विचारलं. काहीच झालं नसेल तर सोमवारपर्यंत रोज काय करायचं ते ठरवून देते. काही झालं असेल तर तिथून पुढचं सांगते. कुणाच्या घरी गेला होता का?"

"गेले व्हते की," अश्विनी हळूच म्हणाली. "पाच घरी. समद्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड केलंय. पण लिहिलं काईच न्हाई. रोज प्रस्तावना लिहिते आन् खोडते. लई वाईट लिहिलंय असं वाटतं."

"मुली शाळा का सोडतात म्हणाल्या त्या घरांतल्या बाया?"

"मला वाटलं व्हतं पैशाचं कारण असंल. पण तिघी म्हनल्या, एसटी वळणावर थांबत न्हाई, अंधारात पोरगी चालत येती."

मॅडमना दुपारी पुसलेला आराखडा आठवला. तो पाठवला असता तर ही बाई सोमवारपर्यंत प्रस्तावनेतच अडकली असती.

"हेच तुमचं विश्लेषण. पन्नास गुण त्यालाच आहेत, प्रस्तावनेला दहा. आज फक्त ही तीन घरं लिहा, आत्ता मला सांगितलंत तसंच. उद्या उरलेली दोन, आणि त्यांचं कारण वेगळं का ते. मग माहिती कशी गोळा केली ते. प्रस्तावना रविवारी, एक पान."

"आन् चुकलं तर?"

"लिहिलेलं पाठवा, मग चुकलेलं बघू."

त्या रात्री दोन पानांचे फोटो आले. अक्षर घाईचं होतं, एका कोपऱ्यात हळदीचं बोट उमटलं होतं. मॅडमनी एका वाक्याखाली रेघ मारून विचारलं, "हे कोण म्हणालं?" या वेळी उत्तर लगेच आलं.

प्रकल्प सोमवारी जमा झाला. पुढं निकालात प्रस्तावनेला चारच गुण पडले. अश्विनीला ते थोडं लागलं, पण विश्लेषणाचे एकेचाळीस तिनं सासूला दोनदा वाचून दाखवले.