पोहोचल्याची नोंद नाही

जळगाव जामोदहून तालुका वार्ताहर गोकुळचा फोन आला तेव्हा महामाया सरकटे पान तीनवरचा शेवटचा कॉलम बसवून घेत होती. बुलढाण्याच्या कार्यालयात रात्रपाळीला दोघंच असत, ती आणि पान लावणारा राजकुमार. पानं इथे तयार व्हायची, छपाई अकोल्याला. लांबच्या तालुक्यांचे गठ्ठे घेऊन गाड्या आधी निघत, म्हणून त्यांची पानं बाराच्या आत सोडावी लागत. शहराच्या आवृत्तीला त्याहून दीड तास जास्त मिळे.

गोकुळ धापा टाकत बोलत होता. सातपुड्याच्या पायथ्याशी एका खासगी संस्थेची मुलींची निवासी शाळा होती. संध्याकाळच्या जेवणानंतर मुलींना उलट्या सुरू झाल्या आणि ट्रॅक्टर, जीप मिळेल त्यात घालून त्यांना तालुक्याच्या रुग्णालयात आणलं होतं.

"दोन पोरी गेल्या मॅडम. पक्की खबर हाये. पहिलं पान राखून ठेवा."

"गोकुळभाऊ, गेलेल्या तुम्ही पाहिल्या?"

नाही, असं तो म्हणाला. आजारी मुली त्याने डोळ्यांनी पाहिल्या होत्या. एकेका खाटेवर दोघी-दोघी होत्या. गेलेल्यांचं त्याला एका मित्राने सांगितलं होतं. मित्राला कोणी सांगितलं ते विचारून घ्या, असं सांगून तिने फोन ठेवला आणि राजकुमारला पहिल्या पानावरची बाजारभावाची बातमी उचलायला लावली.

तेवढ्यात जिल्ह्यातल्या एका न्यूज पोर्टलवर बातमी पडलीच. 'विषबाधेने दोन विद्यार्थिनींचा मृत्यू.' खाली एका मुलीचं नाव, वरवट बकालची पुष्पांजली, शाळेच्या ओळखपत्रावरून काढलेला तिचा फोटो, आणि पांढऱ्या चादरीने झाकलेलं एक स्ट्रेचर. महामायाने स्ट्रेचरचा फोटो मोठा करून पाहिला. मागच्या भिंतीवर गुजराती अक्षरं होती. तिने तो शोधून पाहिला तर मागच्या वर्षीच्या कुठल्याशा अपघाताचा निघाला. मुलीचा फोटो खरा होता आणि प्रेत दुसऱ्याचं.

गोकुळचा परत फोन आला. मित्राने ती खबर तालुक्याच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर वाचली होती. पोर्टलवाल्याने बातमी तिथूनच घेतली होती, आणि ठाण्यातल्या ज्या हवालदाराने गोकुळला "हो, ऐकलं" म्हणून सांगितलं, त्याने पोर्टल वाचलं होतं. बाहेरून पाहिलं तर तीन जण एकच गोष्ट सांगत होते. मुळाशी गेलं तर एकच मेसेज होता आणि तो कोणी टाकला हे कोणालाच माहीत नव्हतं.

मृत्यूची बातमी घ्यायची तर दोनच ठिकाणं चालत. मृतदेह पाहिलेला डॉक्टर, नाहीतर ठाण्यात झालेली आकस्मिक मृत्यूची नोंद. ठाणे अंमलदार म्हणाला, अशी नोंद आपल्याकडे आलेली नाही. पण रुग्णालयातून कळवल्याशिवाय ती येतही नाही, हे महामायाला ठाऊक होतं, म्हणून तेवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. ड्युटीवरच्या डॉक्टर सुचिता यांनी चौथ्यांदा फोन उचलला. मागे मुलींचं कण्हणं ऐकू येत होतं.

चौतीस मुली दाखल आहेत, असं त्यांनी सांगितलं. हे माझ्या नावाने छापा म्हणाल्या. रुग्णालयात मृत्यू झालेला नव्हता. दोघींची तब्येत जास्त बिघडली म्हणून त्यांना अकोल्याला पाठवलं होतं.

"दोघी एकाच रुग्णवाहिकेत गेल्या का?"

"नाही. रुग्णवाहिका एकच होती, तिच्यात पुष्पांजली गेली. दुसरी अन्नपूर्णा. संस्थेच्या लोकांनी स्वतःची गाडी दिली, सोबत आमची नर्स घ्यायलाही थांबले नाहीत." "दोघी बरोबरच निघाल्या होत्या. आता तीन तास होत आले."

महामायाने अकोल्याच्या कार्यालयातल्या बातमीदार समीक्षाला सरकारी रुग्णालयात जायला सांगितलं. अपघात विभागात दोन्ही नावं विचार, आणि मुली दिसेपर्यंत परत फिरू नकोस, असंही सांगितलं.

मग संपादकांचा फोन आला. शेखर सर अकोल्याला बसत. पोर्टल त्यांनीही पाहिलं होतं.

"सकाळी जिल्हाभर दोन मृत्यूंची चर्चा असणार आणि आपल्या अंकात काहीच नाही, हे कसं दिसेल? 'दोघींचा मृत्यू झाल्याचे समजते' असं घ्या. शेवटी अधिकृत दुजोरा मिळू शकला नाही, एवढं टाका."

"सर, कोणाकडून समजते? एका मेसेजवरून. दुजोरा नाही हे शेवटच्या ओळीत लिहून काय उपयोग? लोक मथळा वाचतात."

"बरं, मग ते पाहू. आणि संस्थेचं नाव नको. अध्यक्षांचा फोन आला होता. 'एका निवासी शाळेत' एवढंच ठेवा. चौकशी व्हायची आहे अजून."

महामाया उठून उभी राहिली. राजकुमारने माऊसवरचा हात काढून तिच्याकडे पाहिलं.

"सर, शाळा कोणती ते डॉक्टर नावानिशी सांगतात. गोकुळने मुली पाहिल्या, त्या त्याच शाळेच्या आहेत. जे पक्कं आहे ते काढायचं आणि जे कच्चं आहे ते छापायचं? आपण पेपर कोणासाठी काढतो?"

आवाज खाली, असं शेखर सर म्हणाले. ती बसली. पान सोडायच्या आधी पुन्हा बोलू म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पुढचा फोन कार्यालयाच्या नंबरवर आला, अंकाच्या तळाशी छापलेला असतो त्या. माणूस वरवट बकालहून बोलत होता. गुलाबराव म्हणून त्याने नाव सांगितलं.

"बाई, मोबाइलवर माह्या पोरीचा फोटो येऊन राह्यला. पुष्पांजली. शाळेत फोन लावतो तं कोनी उचलत नाही. तुमी पेपरवाले हा. खरं सांगा मले."

सांगण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं. पोरगी जिवंत आहे असं म्हणणंही तितकंच कच्चं झालं असतं. "काका, तिला अकोल्याला नेलं एवढंच मला पक्कं माहीत आहे," ती म्हणाली. "आमची बातमीदार तिथे दवाखान्यात पोहोचतेय. फोन बंद करू नका."

"तिची माय तिकडं पडून हाये. लोकं जमा झाले घरात. कोनी म्हन्ते सकायी आनतीन..."

महामायाने समीक्षाला दुसऱ्या फोनवरून गाठलं. समीक्षा वॉर्डाच्या दारातच होती. आत सोडत नाहीत म्हणून ती सिस्टरशी भांडली होती. पण वडील फोनवर आहेत म्हटल्यावर सिस्टरनेच फोन हातात घेतला आणि खाटेपाशी नेला. महामायाने दोन्ही फोन एकमेकांना चिकटवून धरले.

सलाईन लावलेल्या मुलीचा आवाज फार बारीक होता. "बाबा. मले पानी नाही देऊन राह्यले."

पलीकडून रडणं ऐकू आलं, मग गुलाबरावाच्या घरातल्या बायकांचा एकदम गलका झाला. राजकुमार तोंड फिरवून उभा होता. महामाया रडली नाही. तिने पोर्टलवाल्याला फोन लावला आणि मुलगी जिवंत आहे, बातमी काढा, असं सांगितलं. सकाळी बघतो, तो म्हणाला. आता व्ह्यूज चालू आहेत. तिने दिलेली शिवी राजकुमारने तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

अन्नपूर्णाचा मात्र पत्ता नव्हता. अपघात विभागात अशा नावाची मुलगी आलेली नाही, असं समीक्षाने दोनदा विचारून सांगितलं. वाटेतल्या खासगी दवाखान्यांतही तिने फोन लावले. संस्थेच्या अध्यक्षांना महामायाने स्वतः विचारलं. मुलगी उपचार घेत आहे, ते म्हणाले. कुठे, असं विचारल्यावर, ते सांगता येणार नाही म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

पान सोडायला दहा मिनिटं उरली होती. अन्नपूर्णा गेली असेल असं महामायाला आतून वाटत होतं. पण वाटतं म्हणून आणखी एका आईचं घर माणसांनी भरून टाकायला ती तयार नव्हती. गप्प बसणंही तिला जमणार नव्हतं, कारण कोणीतरी नेमकं हेच धरून बसलं होतं, की पेपर छापून होईपर्यंत वेळ काढायचा. मग जे माहीत होतं तेवढंच तिने लिहिलं. चौतीस मुली, शाळेचं आणि संस्थेचं नाव, डॉक्टरांचं म्हणणं. पुष्पांजलीवर उपचार सुरू असून समाजमाध्यमांवरची तिच्या मृत्यूची माहिती खोटी आहे. आणि मग: 'अन्नपूर्णा हिला संस्थेच्या खासगी वाहनातून अकोल्याकडे रवाना करण्यात आले. रात्री साडेअकरापर्यंत ती तेथील सरकारी रुग्णालयात पोहोचल्याची नोंद नव्हती. ती कोठे आहे, हे सांगण्यास संस्थेच्या अध्यक्षांनी नकार दिला.'

शेखर सरांनी ते वाचून घेतलं. "हे मृत्यू म्हटल्यापेक्षा जड आहे," ते म्हणाले.

"यातलं काय खोटं आहे ते सांगा, मी काढते."

"सोडा," ते म्हणाले. राजकुमारने पान अकोल्याला पाठवलं.

सकाळी संस्थेने पत्रक काढलं. उपचारादरम्यान पहाटे अन्नपूर्णाचा दुर्दैवी मृत्यू, असं त्यात होतं. पोर्टलने लगोलग पुष्पांजलीचं नाव आणि फोटो काढून तिथे अन्नपूर्णाचा लावला होता आणि वर लिहिलं होतं, 'आमची बातमी खरी ठरली.' कार्यालयातल्या दोघा-तिघांनी ते महामायाला मोबाइलवर पाठवलं. त्यांनी आपल्याला मागे टाकलं, असं त्यांचं म्हणणं होतं. ती तोवर जळगाव जामोदच्या एसटीत बसली होती.

जळगाव जामोदला डॉक्टर सुचिता अजून घरी गेल्या नव्हत्या. मृतदेह उजाडता उजाडता संस्थेच्या गाडीतून परत त्यांच्याकडेच आणला होता. पहाटे गेल्याचं सोबतचे लोक सांगत होते, पण अंग कधीचंच ताठलं होतं. नक्की वेळ शवविच्छेदनातून कळेल, पण पहाटेचं म्हणणं खोटं आहे एवढं माझ्या नावाने लिहा, असं त्या म्हणाल्या. ठाण्यात तालुक्याच्या आवृत्तीचा अंक टेबलावर पडला होता. रात्रभर गाडी कुठे होती, असं ठाणेदाराने अध्यक्षांना त्यावर बोट ठेवून विचारलं, हे गोकुळने स्वतः उभं राहून ऐकलं होतं. ड्रायव्हर पहिल्याच दमात बोलला. पोरगी अर्ध्या वाटेत गेली. अध्यक्षसाहेबांनी गाडी शाळेच्या आवारात आणून उभी करायला सांगितली.

अन्नपूर्णाची आई जनकाबाई रुग्णालयाच्या मागच्या भिंतीला टेकून बसली होती. महामाया तिच्याजवळ जमिनीवर बसली. तुम्हाला कधी कळवलं, असं तिने विचारलं.

"कोनी नाही कळवलं," जनकाबाई म्हणाली. "काल मी शाळेच्या फाटकाशीच होती. माही पोरगी कुठी हाये म्हनून इचारत होती. मंग गाडी आली आत. मले म्हने, मागं सरक. मी सरकली."

महामायाने तिला हे छापू का म्हणून विचारलं. जनकाबाईने मान हलवली, आणि आपलं पूर्ण नाव सांगितलं, गावासकट.